टोपी घालायची की शप्पथ घ्यायची?

‘चिल’ आणि ‘नो कॅप’ हे इंग्रजी तरुणाईच्या बोलण्यातले दोन शब्द. दोन्ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आले आणि हिप-हॉप संगीताच्या बळावर जगभर पसरले. ‘चिल’ जुना आहे. ‘शांत हो’ या अर्थाने तो 1970च्या दशकाच्या अखेरीस रॅपमध्ये सापडतो. ‘कॅप’ म्हणजे बढाई किंवा थाप, आणि ‘नो कॅप’ म्हणजे थाप नव्हे. अटलांटातले रॅपर फ्यूचर आणि यंग थग यांचं याच नावाचं गाणं 2017 साली आलं. त्यानंतर हा शब्दप्रयोग समाजमाध्यमांवर गेला आणि तिथून मराठी घरांतल्या मुलांच्या फोनमध्ये. इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स लिहिताना किंवा कुमारांसाठीच्या कादंबरीचा अनुवाद करताना हे शब्द हमखास आडवे येतात.

शब्दकोश उघडून बसणारा अनुवादक इथे पहिल्याच पावलाला फसतो. ‘चिल’चं ‘थंड हो’ केलं तर मराठीत भलतंच काहीतरी होतं. आपल्याकडे धंदा थंड पडतो, माणूस थंड प्रतिसाद देतो, आणि गार पडलेला माणूस तर हरलेला असतो. ‘कॅप’ म्हणजे टोपी, तेव्हा ‘नो कॅप’ म्हणजे ‘टोपी नाही’, ही तर थट्टाच. गंमत अशी, की मराठीत ‘टोपी घालणे’ हा वाक्प्रचार आहेच आणि त्यातही खोटेपणा आहे. पण टोपी घालणारा समोरच्याला फसवून काहीतरी उकळतो, बहुधा पैसेच. ‘कॅप’ करणारा नुसता फुशारकी मारतो, कोणाचं नुकसान करत नाही. त्यामुळे त्याच्याजवळचे मराठी शब्द म्हणजे थापा मारणे, पुड्या सोडणे किंवा फेकणे. मित्राने ‘मी तिकडे एकटाच गेलो होतो’ म्हटल्यावर इंग्रजी मुलगा ‘कॅप!’ म्हणतो, तिथे मराठी मुलगा ‘फेकू नको’ म्हणतो. हा जोड इतका नेमका बसतो, की तिथे आणखी शोधाशोध करायची गरज नाही.

‘नो कॅप’ मात्र दोन वेगळी कामं करतो, आणि अनुवाद कोणतं काम चाललंय त्यावर ठरतो. समोरच्याचा विश्वास बसत नसेल तेव्हा तो शपथ घेण्यासारखा असतो. मराठी मुलं अशा वेळी ‘शप्पथ’, ‘आईशप्पथ’, ‘खोटं नाही बोलत’ असं म्हणतात, कधी बोलता बोलता गळ्याला चिमटाही घेतात. पण पुष्कळदा कोणाचा संशय नसतानाही ‘नो कॅप’ येतो, नुसता जोर देण्यासाठी. ‘हा बर्गर भारी आहे, नो कॅप’ यात शपथ कशाला? तिथे ‘खरंच भारी आहे’ एवढंच पुरतं. प्रत्येक ‘नो कॅप’ला आईची शपथ घातली तर ते पात्र सतत साक्षीच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखं वाटू लागतं. शिवाय ‘आईशप्पथ’ मराठीत आश्चर्याचा उद्गारही आहे, त्यामुळे एकाच संवादात तो दोन अर्थांनी आला की वाचक गोंधळतो.

‘चिल’चे अर्थ आणखी पांगलेले आहेत. घाबरलेल्या मित्राला धीर देताना ‘लोड नको घेऊ’ किंवा ‘टेन्शन नको घेऊस’ बरोबर बसतं. तिथे ‘शांत हो’ चुकीचं नाही, पण ते वडीलधाऱ्याच्या तोंडी शोभतं. ‘काय करतोयस?’ या प्रश्नाला इंग्रजीत ‘चिलिंग’ हे उत्तर येतं. मराठीत ‘काही नाही, निवांत पडलोय’ असं म्हणतात. तिसरा अर्थ माणसाच्या स्वभावाचा: ‘तिचे बाबा एकदम चिल आहेत.’ याला मराठीत एकच शब्द पुरत नाही. ‘मोकळे’ जवळ येतो, पण त्यात बोलकेपणाची छटा आहे आणि ‘उगाच ओरडत नाहीत’ हा भाग निसटतो. इथे ‘चिल’ तसाच ठेवलेला बरा.

कोणता इंग्रजी शब्द ठेवायचा आणि कोणता बदलायचा, हे ओळखायची खूण मराठी व्याकरणातच आहे. पाहुणा शब्द रुळला की त्याच्यापुढे मराठी क्रियापद येऊन बसतं. ‘चिल कर’, ‘चिल मार’, ‘चिल आहे’ ही रूपं मुलं सहज बोलतात. ‘भाव खाणे’ आणि ‘शायनिंग मारणे’ यांच्या शेजारी ‘फ्लेक्स मारणे’ही आता ऐकू येतं. ‘नो कॅप’ला मात्र असं क्रियापद चिकटत नाही. तो वाक्याच्या शेपटाला आख्खाच लोंबकळतो, म्हणून तो बदलावा लागतो.

आता एक वाक्य घेऊन पाहू. मैत्रीण रागावलीय या काळजीत असलेल्या मुलाला मित्र म्हणतो: ‘ब्रो, चिल. शी इज नॉट मॅड ॲट यू, नो कॅप.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘भाऊ, थंड हो, ती तुझ्यावर वेडी नाही, टोपी नाही’ असं होतं. इथे शपथेचा ‘नो कॅप’ आहे, कारण ऐकणाऱ्याला शंका आहे. म्हणून: ‘अरे, लोड नको घेऊस. ती चिडलेली नाहीये, शप्पथ.’ सबटायटलच्या दोन ओळींत हे आरामात मावतं.

ऐकणारी मुलगी असली तर ‘अरे’चं ‘अगं’ होतं. इंग्रजीतल्या ‘ब्रो’ला मुलगा-मुलगी चालून जातं, मराठीला आधी कोण बोलतंय आणि कोणाशी हे माहीत असावं लागतं. ‘निवांत पडलोय’ की ‘निवांत पडलेय’, हे चित्र पाहिल्याशिवाय ठरत नाही. नुसत्या संहितेवरून काम करणारे अनुवादक हमखास इथेच चुकतात.

याहून अवघड प्रश्न गावाचा. नागपूरचा मुलगा ‘अबे’ म्हणेल, कोल्हापूरचा ‘भावा’ किंवा ‘मर्दा’ म्हणेल आणि आवडलेल्या गोष्टीला ‘नाद खुळा’ अशी दाद देईल. हे शब्द रसरशीत आहेत, पण अटलांटाच्या मुलाच्या तोंडी ‘अबे’ घातलं की तो थेट सीताबर्डीला उभा राहतो. पुण्या-मुंबईचं ‘यार’ किंवा कोणत्याही जिल्ह्यात चालणारं ‘भारी’ त्या मानाने सुरक्षित, आणि ‘भावा’ही समाजमाध्यमांमुळे आता कोल्हापूरपुरता उरलेला नाही. मूळ बोली कृष्णवर्णीयांची, म्हणून अनुवादात तिच्या जागी महाराष्ट्रातल्या एखाद्या समाजाची बोली योजणं हा उपाय काहींना आकर्षक वाटतो. तो टाळावा. त्यातून पात्राला उगाच एक जात चिकटते, आणि ती मूळ पुस्तकात नसते.

नवे शब्द घडवून प्रश्न सुटेल, अशी आशा भाषाप्रेमींना असते. सावरकरांनी सुचवलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ रुळले, कारण ते महापालिकेत आणि कागदपत्रांत वापरले गेले. कट्ट्यावरच्या शब्दांमागे असं कुठलंच कार्यालय उभं नसतं. ऑक्सफर्डने 2023 साली वर्षाचा शब्द म्हणून निवडलेल्या ‘रिझ’साठी ‘मोहिनीबळ’ असं काही घडवलं, तर ते पुस्तकातच राहील. मुलं ‘त्याची छाप पडते’ किंवा ‘पटवण्यात हुशार आहे’ असंच म्हणत राहतील.

शब्दांचं वयही पाहावं लागतं. ‘झकास’ एके काळी तरुणांचा होता. आज सोळा वर्षांच्या पात्राच्या तोंडी तो आला की काका बोलतोयसं वाटतं. ‘भारी’ मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. ‘नो कॅप’ स्वतः किती वर्षं टिकेल हे सांगता येत नाही, म्हणून पुस्तकाच्या अनुवादात ‘शप्पथ’, ‘खरंच’, ‘फेकू नको’ असे मुरलेले शब्द घ्यावेत आणि या वर्षीची ताजी भाषा सबटायटलसाठी राखावी.