स्तोत्र, भजन, कीर्तन, आरती : कोणत्या बैठकीला काय?

स्तोत्र, भजन, कीर्तन आणि आरती या चारही प्रकारांत देव तोच असू शकतो. गणपतीचे स्तोत्र आहे, भजन आहे, आरती आहे आणि गणेशजन्माचे कीर्तनही होते. वेगळेपण देवतेत नसून कोण म्हणतो, कोण ऐकतो आणि जमलेल्यांना आधीपासून काय यावे लागते, यात आहे. एखाद्या कार्यक्रमासाठी यांतला कोणता प्रकार घ्यावा, हेही त्यावरूनच ठरते.

स्तोत्रात श्रोता नसतो. जो बसतो तो म्हणतो. पाठ ठरलेला, छंद ठरलेला. रामरक्षेत आधी विनियोग येतो, म्हणजे ऋषी, देवता आणि छंद यांचा उल्लेख. मग ध्यान, मग मुख्य पाठ. तिचे बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदात असल्याने एकदा लय बसली की चाळीस माणसेही एका आवाजात म्हणू शकतात. सगळी स्तोत्रे संस्कृत नसतात. समर्थ रामदासांचे मारुतिस्तोत्र मराठी आहे आणि ते मुलांना फार लवकर पाठ होते. अथर्वशीर्ष मात्र पद्यबद्ध स्तोत्र नव्हे, ते उपनिषद आहे. त्याचे आवर्तन शांतपणे म्हटले तर चार-पाच मिनिटांचे होते. अकरा किंवा एकवीस आवर्तने करायची असतील तर फलश्रुती प्रत्येक वेळी म्हणत नाहीत, फक्त शेवटच्या आवर्तनाला म्हणतात. सामूहिक पठण बहुधा वेगामुळे बिघडते. पाठ असलेले पुढे धावतात, पुस्तकात पाहणारे मागे राहतात आणि तिसऱ्या आवर्तनापर्यंत दोन गट ऐकू येऊ लागतात. वेग एकाने धरावा आणि तो पुस्तक पाहणाऱ्यांच्या सोयीचा असावा. निम्म्याहून अधिक लोकांना पाठ येत नसेल, तर स्तोत्राचा कार्यक्रम न ठेवणेच बरे.

भजनात हा अडसर नसतो. एक जण चरण सांगतो, बाकीचे ध्रुपद उचलतात, त्यामुळे अभंग पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या कडव्याला सामील होतो. वारकरी भजनाला वीणा, टाळ आणि मृदंग पुरतात. नामगजराने सुरुवात होते, विठ्ठलाच्या रूपाचे अभंग येतात, मग इतर अभंग, गवळण आणि पुढे पसायदान. हरिपाठ हा याच परंपरेतला. ज्ञानेश्वरांच्या नावाचे हे अभंग टाळांच्या ठेक्यावर पावले टाकत म्हटले जातात. पेटी आणि तबला-पखवाजावरचे संगीत भजन वेगळे. तिथे बुवांची गायकी ऐकायची असते. कोकणात आणि मुंबईत रंगणारी डबलबारी तर दोन बुवांचा सामनाच असतो. तिथे श्रोता खरोखर श्रोता होतो. सोसायटीत किंवा घरगुती मंडळात भजन ठरवताना पट्टीचा विचार आधी करावा. पुरुषांना साधारण काळी एक-दोन सोयीची पडते, स्त्रियांना काळी चार-पाच. बुवांनी आपल्या पट्टीत सुरू केले की मागच्या रांगेतल्या बायका गप्प होतात, आणि लोकांना भजनाची आवड उरली नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

कीर्तनात बोलणारा एक आणि ऐकणारे सगळे. प्रवचनकार बसून बोलतो. कीर्तनकार उभा राहतो, गातो, नाचतो, प्रसंगी सोंगही आणतो. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात नमन झाल्यावर एखादे संतपद निरूपणाला घेतले जाते आणि त्यातला विचार दृष्टान्तांनी उलगडला जातो. मध्यंतरात नामगजर होतो, कीर्तनकाराला हार घालून बुक्का लावतात. उत्तररंगात तोच विचार सिद्ध करणारे आख्यान येते. पूर्वरंगात ‘भक्तीला जात नाही’ हे मांडले असेल, तर उत्तररंगात चोखामेळ्याची कथा शोभते. आख्यान निरूपणापासून सुटले तर ते नुसते कथाकथन होते. जाणता श्रोता कीर्तनाची परीक्षा इथेच करतो.

वारकरी कीर्तनात अशी विभागणी नसते. एकच अभंग घेऊन त्याचा चरणामागून चरण उलगडला जातो. कीर्तनकार ज्ञानेश्वरीतले किंवा गाथ्यातले प्रमाण उच्चारतो आणि मागे उभे असलेले टाळकरी ते झेलून गातात. म्हणून या कीर्तनाला नुसता चांगला कीर्तनकार पुरत नाही, पाठांतर असलेले टाळकरीही लागतात. शहरातल्या सभागृहात ते मिळाले नाहीत की महाराज एकटे पडतात. नारदीय कीर्तन मात्र पेटी आणि तबल्याच्या साथीवर उभे राहते. दोन्हींना साधारण दोन तास द्यावे लागतात. ‘आरतीनंतर जेवणाआधी पाऊण तास’ अशी वेळ कीर्तनकाराला दिली तर पूर्वरंगच घाईत उरकावा लागतो, आणि त्याचा दोष उगाच कीर्तनकाराच्या माथी येतो.

आरती मुळात पूजेचा भाग आहे. निरांजन ओवाळण्याची क्रिया मुख्य, गाणे तिच्या सोबतीला. म्हणून ती उभ्याने होते आणि आटोपशीर असावी लागते. महाराष्ट्रातल्या गणेशोत्सवात पहिली रामदासांची गणपतीची आरती, मग शंकर, देवी, विठ्ठल, दत्त असा क्रम बहुतेक घरांत आढळतो. शेवटी ‘घालीन लोटांगण’ आणि मंत्रपुष्पांजली. तीन आरत्यांसह हे सगळे पंधरा मिनिटांत होते. आठ-नऊ आरत्या घेतल्या की वयस्कर माणसे खुर्ची शोधू लागतात आणि मुले प्रसादाकडे पाहू लागतात.

पन्नासेक माणसे जमणाऱ्या सोसायटीच्या पाच दिवसांच्या गणपतीचे उदाहरण घेता येईल. रोजची संध्याकाळ आरतीचीच, कारण कामावरून परतलेल्यांना पंधरा-वीस मिनिटांहून अधिक वेळ काढता येत नाही. अथर्वशीर्षाची आवर्तने सकाळी ठेवावीत. जे दहा-पंधरा जण येतात त्यांना पाठ येते आणि हवे असते. भजनाला आरतीनंतरचा एक तास मोकळा ठेवला तर सहा-सात अभंग निवांत होतात. तिथे अमराठी शेजारीही टाळी धरू शकतात, म्हणून मिश्र वस्तीत सर्वांत सोयीचा प्रकार हाच. कीर्तन सुटीच्या दिवशी, जेवणाशी न बांधता ठेवावे. कीर्तनाच्या शेवटी आरती असतेच, त्यामुळे त्या दिवशी ती आणि उत्सवाची आरती एकत्र करावी. दोनदा उभे राहण्याचे कारण नाही.

दुःखाच्या घरी निवड वेगळी होते. सुतकात पूजा नसते, त्यामुळे बहुतेक घरांत आरतीही नसते. तिथे हरिपाठ किंवा संथ भजन चालते. नामस्मरणाला सुतकाची आडकाठी मानत नाहीत. वारकरी घरांत पुढे पुण्यतिथीला कीर्तन ठेवण्याची पद्धत आहे. त्यासाठी अभंग कोणता घ्यावा हे महाराजांवर सोडावे, पण गेलेल्या माणसाविषयी चार गोष्टी त्यांना आधी सांगून ठेवाव्यात, म्हणजे निरूपणात त्यांचा उल्लेख ओढूनताणून येत नाही.