सव्वानऊच्या आधीचे भाव

४ एप्रिल २०२५ च्या शुक्रवारी निफ्टी २२,९०४ वर बंद झाला. आपला बाजार दुपारी साडेतीनला मिटतो आणि अमेरिकेचा आपल्या संध्याकाळी उघडतो. त्या संध्याकाळी, आयात शुल्काच्या घोषणेला चीनने प्रत्युत्तर दिल्यावर, अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक एका दिवसात सुमारे सहा टक्के कोसळला. मध्ये शनिवार-रविवार गेला. सोमवारी ७ एप्रिलला निफ्टी उघडला तोच २१,७५८ वर, म्हणजे पाच टक्के खाली. मधल्या साडेअकराशे अंकांत बाहेर पडायला कोणालाही जागा मिळाली नाही. याला बाजारात गॅप-डाउन म्हणतात. उलट दिशेने झालं की गॅप-अप.

अशा सकाळी काय करायचं हे सव्वानऊला ठरवायला बसलं तर उशीर झालेला असतो. म्हणून रोज सौदे करणारे आठच्या सुमारास कामाला लागतात. मात्र त्या वेळी पडद्यावर एकच भाव नसतो. गिफ्ट निफ्टीचा एक, प्री-ओपनचा दुसरा, कालच्या बंदचा तिसरा. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे आणि सकाळच्या बऱ्याचशा चुका एका भावाला दुसरा समजल्यामुळे होतात.

पहिला भाव गिफ्ट निफ्टीचा. गुजरातमधल्या गिफ्ट सिटीतल्या एक्स्चेंजवर निफ्टीचे वायदे सकाळी साडेसहापासून चालू होतात. पूर्वी हेच वायदे सिंगापूरला होत आणि ‘एसजीएक्स निफ्टी’ या नावाने ओळखले जात. जुलै २०२३ मध्ये ते इकडे आले. आपला बाजार बंद असताना जगात काय घडलं याचा अंदाज त्यातून येतो. पण हा वायद्याचा भाव आहे, निर्देशांकाचा नाही. वायदा सहसा हजर भावापेक्षा थोडा वर असतो, कारण त्यात मुदतीपर्यंतचं व्याज धरलेलं असतं.

समजा, काल निफ्टी २४,००० वर बंद झाला आणि त्याच महिन्याचा वायदा २४,०९० वर. सकाळी गिफ्ट निफ्टी २४,१२० दाखवतो. निर्देशांकाशी तुलना केली तर १२० अंकांचं गॅप-अप दिसतं आणि माणूस खरेदीच्या तयारीला लागतो. वायद्याची तुलना वायद्याशी केली तर फरक उरतो फक्त ३० अंकांचा. बाजार जवळजवळ जागच्या जागी उघडणार, इतकाच त्याचा अर्थ. महिन्याच्या सुरुवातीला ही चूक मोठी असते. मुदत जवळ येते तसतसा वायदा आणि निर्देशांक यांतला फरक मिटत जातो, मग चूकही लहान होते.

दुसरी तपासणी एकेका शेअरची. आपल्या यादीतला एखादा शेअर खूप खाली दिसला, तर बातमी शोधण्याआधी आज त्याची एक्स-डेट आहे का ते बघावं. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा शेअर आधीच्या बंदच्या जवळपास निम्म्या भावात उघडला, कारण एकास एक बोनस होता. शेअरची संख्या दुप्पट झाली, भाव निम्मा झाला, कोणाचंही काही गेलं नाही. बोनस किंवा विभाजन असेल तर एक्स्चेंज पायाभूत भाव जुळवून घेतं. नेहमीच्या लाभांशासाठी मात्र हजर बाजारात तसं जुळवत नाहीत. त्यामुळे ५०० रुपयांचा शेअर १५ रुपये लाभांशाच्या एक्स-डेटला ४८५ च्या आसपास उघडला आणि अ‍ॅपवर तीन टक्के घसरण लाल रंगात दिसली, तरी ती बातमीमुळे झालेली घसरण नसते. जुन्या भावावर आधीच लावून ठेवलेली विक्रीची ऑर्डर तेवढी अशा दिवशी तपासावी लागते, नाहीतर ती उगाच लागून जाते.

नऊ वाजता खरा प्रकार सुरू होतो. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आणि मुंबई शेअर बाजार इथे ऑक्टोबर २०१० पासून प्री-ओपन सत्र आहे. आरंभी ते निर्देशांकातल्याच शेअरना होतं, नंतर व्याप्ती वाढली. नऊ ते नऊ-आठ या वेळात ऑर्डर टाकता येतात, बदलता येतात, रद्दही करता येतात, पण सौदा होत नाही. ऑर्डर घेणं नऊ-सात ते नऊ-आठ यांमधल्या कोणत्याही क्षणी अचानक थांबतं. मग नऊ-बारापर्यंत ऑर्डर जुळवल्या जातात, तीन मिनिटं विसावा आणि सव्वानऊला नेहमीचा व्यवहार. ही आठ मिनिटं म्हणजे एक लिलाव असतो. ज्या भावाला सर्वांत जास्त शेअर हातबदल करू शकतात, तो समतोल भाव ठरतो आणि जुळलेले सगळे सौदे त्याच एका भावाला होतात.

एका लहानशा उदाहरणात हे नीट दिसेल. काल ५०० ला बंद झालेल्या शेअरसाठी खरेदीच्या तीन ऑर्डर आल्या: ४९० ला १,०००, ४८५ ला २,००० आणि ४८० ला ३,००० शेअर. विक्रीच्याही तीन: ४८० ला १,५००, ४८५ ला २,००० आणि ४९० ला ४,०००. भाव ४९० धरला तर तो द्यायला तयार असलेले ग्राहक १,००० शेअरचेच, म्हणून सौदा १,००० चा. ४८० धरला तर विकायला १,५०० च आहेत. ४८५ ला मात्र खरेदीदार ३,००० शेअरचे आणि विक्रेते ३,५०० चे, म्हणजे ३,००० शेअरचा सौदा होऊ शकतो. म्हणून पडद्यावर सूचक भाव ४८५ दिसतो.

आता नऊ-सातच्या जरा आधी ४८५ ची ती २,००० शेअरची खरेदी कोणीतरी रद्द केली. ४९० ला आणि ४८५ ला आता १,००० शेअरच जुळतात. ४८० ला १,५००. सूचक भाव झटक्यात ४८० वर येतो. कंपनीत काही बदललेलं नाही, बातमीही नवी नाही. गेली ती एक ऑर्डर. नऊ-दोनला दिसणारा भाव नऊ-आठला टिकेलच असं नाही, ते याचमुळे. सत्र अचानक थांबवण्यामागचं कारणही हेच की मोठी ऑर्डर दाखवून शेवटच्या सेकंदाला काढून घेणाऱ्याला वेळ साधता येऊ नये. म्हणून जाणकार भावासोबत त्या भावाला जुळणारं प्रमाण बघतात. रोज लाखो शेअरची उलाढाल असलेल्या कंपनीत सूचक भावाला काही शेच शेअर जुळत असतील, तर त्या भावावर कोणताही निर्णय बेतू नये. नऊ-आठनंतर जो भाव ठरतो तो खऱ्या सौद्यांचा असतो आणि गॅप मोजायचं ते त्याच्यावरून.

रात्री ‘मार्केट’ प्रकारची खरेदी लावून झोपणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अशी ऑर्डर, ब्रोकरच्या पद्धतीप्रमाणे, प्री-ओपनमध्ये किंवा सव्वानऊला जाते आणि जो भाव असेल त्याला लागते. शेअर सहा टक्के वर उघडला तर खरेदीही सहा टक्के वरच होते. कमाल भाव लिहून दिलेली ‘लिमिट’ ऑर्डर इथे बरी.

स्टॉप-लॉसचं उलट आहे. तिथे लिमिट दगा देऊ शकते. समजा, ५०० ला घेतलेल्या शेअरवर ब्रोकरच्या जीटीटी सोयीतून ४७५ चा ट्रिगर आणि ४७२ ची लिमिट लावली आहे. सकाळी शेअर ४५० ला उघडतो. ट्रिगर लागतो, विक्रीची ऑर्डर बाजारात जाते, पण ४७२ पेक्षा कमी भावाला विकू नका असं तिच्यावर लिहिलेलं आहे. बाजारात ग्राहक ४५० चे. ऑर्डर नुसती पडून राहते आणि मालकाला वाटतं आपण कधीच बाहेर पडलो. प्री-ओपनमध्ये स्टॉप-लॉस ऑर्डर चालत नाही, त्यामुळे तिथेही सुटका नाही. म्हणून गॅप-डाउनच्या दिवशी सव्वानऊनंतरचं पहिलं काम म्हणजे ऑर्डर बुक उघडून लागलेल्या आणि नुसत्या ट्रिगर झालेल्या ऑर्डर वेगळ्या करणं.

यातून निघणारा हिशेब आदल्या दुपारचा आहे, सकाळचा नाही. दोन लाख भांडवलावर एका सौद्यात दोन हजारांपर्यंत तोटा सोसायचा असं ठरवलं आणि स्टॉप २५ रुपये खाली असला, तर ८० शेअर घेता येतात. दिवसभराच्या सौद्यापुरता हा हिशेब बहुधा खरा ठरतो. पण शेअर ४५० ला उघडला तर त्याच ८० शेअरवर तोटा चार हजार, ठरवल्याच्या दुप्पट. उद्या तिमाही निकाल आहेत आणि दहा टक्क्यांचं गॅप शक्य आहे असं वाटत असेल, तर भागाकार २५ ने नव्हे, ५० ने करायचा. रात्रभर ठेवायचे शेअर मग ४० च. स्टॉप-लॉस चालू बाजारात उपयोगी पडतो, बंद बाजारात आपल्या बाजूने असते ती फक्त शेअरची संख्या.

उरला प्रश्न उघडल्यावर काय करायचं याचा. ७ एप्रिलला निफ्टी उघडला तिथून जेमतेम पंधरा अंक खाली गेला आणि दिवसअखेर २२,१६१ पर्यंत, चारशे अंक वर, परतला. सकाळी घाबरून विकणाऱ्यांनी जवळजवळ तळाचा भाव घेतला. त्यावरून ‘गॅप भरून निघतं’ असा नियम करावा, तर ४ जून २०२४ आठवावा. लोकसभेच्या मतमोजणीच्या त्या दिवशी निफ्टी आधीच्या बंदपेक्षा जेमतेम ८४ अंक खाली, २३,१७९ वर उघडला आणि बंद झाला २१,८८४ वर, जवळपास सहा टक्के घसरून. एकदा मोठं गॅप येऊन बाजार सावरला, एकदा नाममात्र गॅप येऊन कोसळला. गॅपचा आकार रात्री काय घडलं ते सांगतो, पुढच्या सहा तासांबद्दल काहीच नाही.

दोन्ही दिवशी फरक बातमीत होता. एप्रिलमध्ये बातमी पूर्ण येऊन गेली होती आणि बाजाराला दोन दिवस ती पचवायला मिळाले होते. जूनमध्ये मतमोजणी चालू बाजारात होत होती, सव्वानऊला बातमी अर्धवटच होती. म्हणून सकाळच्या कागदावर प्रत्येक शेअरपुढे गॅपच्या टक्केवारीशेजारी आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: हे गॅप कशामुळे, आणि ते कारण संपलंय की अजून उलगडायचं आहे. संपलं असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं थांबून, भाव उघडल्याच्या वर टिकतो की खाली हे बघून निर्णय घेता येतो. कारण अजून चालू असेल आणि शेअरची संख्या झेपण्यापलीकडे असेल, तर आहे त्या भावाला ती कमी करणं हा खर्च आहे, आणि तो सव्वानऊलाच करून टाकलेला बरा.