माहितीचा अर्ज (लेखांक ५) : मागावा तो कागद

पहिल्या अपिलाविषयी या खेपेस लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु कुरुंदवाडकडील एका ऊसकरी वाचकाचे पत्र आले आणि त्यातील अडचण कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील अनेकांची असल्याने अपील पुढील आठवड्यावर टाकीत आहे.

२०२१ च्या जुलैतील महापुरात त्यांचे रान बुडाले, पंचनामाही झाला, पण भरपाई आली नाही. तेव्हा त्यांनी अर्जात ‘मला मदत का मिळाली नाही?’ असे विचारले आणि ‘अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. ते कितीही झोंबणारे असले, तरी निराधार नव्हे. कारण २००५ चा अधिनियम दफ्तरी जे अस्तित्वात आहे तेवढेच देण्यास अधिकाऱ्यास बांधतो, नवा खुलासा रचून देण्यास नव्हे. म्हणून कारण ज्या कागदावर उमटलेले असेल, तो कागदच नावानिशी मागावा.

जोडपत्र ‘अ’ मध्ये त्यांनी असे लिहावे : ‘मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, येथील माझ्या पिकाच्या जुलै २०२१ मधील पूरनुकसानीचा पंचनामा, मदतीच्या यादीतील माझ्या नोंदीचा उतारा आणि माझे नाव वगळल्याचा शेरा वा आदेश असल्यास त्याची नक्कल मिळावी.’ पंचनाम्यात क्षेत्र कमी लागले, की यादीत नावच चढले नाही, की बँकेचा खातेक्रमांक चुकला, हे या नकला शेजारी ठेवताच कळते. इतरांचे खातेक्रमांक मागू नयेत. ती खाजगी माहिती म्हणून नाकारली जाते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात विषय एकच असावा आणि मजकूर सामान्यतः दीडशे शब्दांत बसावा; माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही.

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने तसा दाखला जोडल्यास फी माफ आहे. पंचनामा गावी तलाठ्याच्या समक्ष होत असला, तरी मदतीची यादी तहसिलीत तयार होते, म्हणून अर्ज ‘जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय, शिरोळ’ या पत्त्यावर करावा. एखादा कागद दुसऱ्या कचेरीत असल्यास अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांच्या आत तिकडे पाठविण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. तीस दिवसांची मुदत त्यावरूनच मोजावयाची असते. पानास दोन रुपये या दराने नकलेचा खर्च भरण्याचे पत्र आले, की ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरीत नाहीत, तेव्हा पैसे तत्काळ भरावेत.

नक्कल मागण्यापूर्वी कागद डोळ्यांखालून घालावयाचा असल्यास, २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासननिर्णयान्वये जिल्हा व त्याखालील कचेऱ्यांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहावयास मिळतात. सोमवारी सुटी असल्यास पुढील कामकाजाच्या दिवशी जावे.