भोंग्यावरून सांगायचे पाणी

नळाला चोवीस तास पाणी नसलेल्या गावात जलवाहिनी दिवसाचा बराच वेळ रिकामी असते. पाणी सुटलेले असताना फुटक्या सांध्यातून ते बाहेर झिरपते. पुरवठा बंद झाला, की वाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी त्याच फटीतून आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळ सुटल्यावर पहिल्या काही हंड्यांना वास येतो, पाणी गढूळ दिसते आणि नगरपरिषदेत तक्रारी सुरू होतात. कर्मचारी नळाच्या पाण्यात तपासणीचे औषध टाकून पाहतात. पाणी पिवळे झाले नाही, तर त्यात क्लोरीन उरलेले नाही, असे समजते. गळती शोधून खोदाई व्हायला वेळ लागतो. तोवर लोकांना सावध करण्यासाठी रिक्षाला भोंगा बांधून निघावे लागते.

रिक्षा पुढे सरकत असते, त्यामुळे घरातल्या माणसाच्या कानी मजकुराचा एखादा तुकडाच पडतो. म्हणून वाक्ये लहान हवीत, प्रत्येक वाक्याचा अर्थ स्वतंत्रपणे लागायला हवा आणि मुख्य सूचना शेवटी पुन्हा यायला हवी. मजकूर साधारण असा असावा:

“नगरपरिषदेची तातडीची सूचना. शनिवार पेठ आणि गवळीवाडा येथील नळाच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले आहे. पिण्याचे पाणी उकळूनच प्या. पाणी आधी गाळा, मग उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या. त्याच भांड्यात झाकून गार करा. मंगळवारपासून भरून ठेवलेले पाणी पिऊ नका. जुलाब, उलट्या झाल्यास लगेच नगरपरिषदेच्या दवाखान्यात या. पुढची सूचना येईपर्यंत पाणी उकळूनच प्या.”

हे सावकाश वाचायला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रत्येक चौकात रिक्षा थांबवून ते दोनदा वाचावे.

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. नेहमीच्या सूचनेत “तांत्रिक कारणास्तव पाणी दूषित होण्याची शक्यता” असे म्हटले जाते. ते ऐकून कोणी गॅस पेटवत नाही. “गटाराचे पाणी मिसळले आहे” हे ऐकायला वाईट वाटते, पण त्यानेच माणूस हलतो. “काल भरलेले” असे न म्हणता वार सांगण्यामागेही कारण आहे. ध्वनिमुद्रित सूचना दोन-तीन दिवस वाजत राहते आणि तोवर “काल” बदललेला असतो.

“पाणी उकळून, गाळून प्या” हे शब्द सवयीने तोंडी येतात, पण तो क्रम घातक आहे. उकळलेले पाणी ओट्यावरच्या ओल्या फडक्यातून गाळले, तर फडक्यातले जंतू पुन्हा पाण्यात उतरतात. आधी चौपदरी स्वच्छ कापडाने गाळून गाळ काढावा आणि मगच उकळावे. पाणी वेगळ्या माठात ओतण्याऐवजी त्याच पातेल्यात झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. “एक मिनिट” हा शब्दही गाळू नये. वाफ दिसली की अनेकजण गॅस बंद करतात. उलट वीस मिनिटे उकळायला सांगितले, तर इंधनाच्या काळजीने लोक उकळणेच टाळतात. खळखळती उकळी एक मिनिट टिकली, तर पटकी, विषमज्वर आणि काविळीचे जंतू व विषाणू मरतात.

उकळण्याला मर्यादा आहे. पाण्यात डिझेल, कीटकनाशक किंवा कारखान्याचे रसायन मिसळले असेल, तर उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्यावर काही विषारी द्रव्ये अधिक दाट होतात. अशा वेळी सूचना “नळाचे पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका, टँकरचेच घ्या” अशी बदलावी लागते. म्हणून काय मिसळले हे कळल्याशिवाय मजकूर लिहू नये.

रुग्ण दिसण्याची वाट पाहणेही चूक ठरते. पटकीची लक्षणे काही तासांत ते पाच दिवसांत दिसतात, पण हिपॅटायटिस ई ही कावीळ दिसायला दोन ते आठ आठवडे लागू शकतात. 2012 साली इचलकरंजीत याच विषाणूची मोठी साथ आली होती. गरोदर स्त्रियांना हा आजार जिवावर बेततो, त्यामुळे घरात गरोदर बाई असेल तर रुग्ण दिसत नसले तरी उकळणे सोडू नये.

सूचना नळ सुटण्याच्या आधी पोहोचायला हवी. पहाटे पाणी येत असेल, तर आदल्या संध्याकाळी, बायका घरी असताना रिक्षा फिरवावी. रात्री दहानंतर भोंग्याला बंदी असली, तरी सार्वजनिक आणीबाणीत नियम सूट देतात.

दुरुस्ती झाली, की नवी सूचना द्यायला अनेकदा विसरले जाते. मग लोक स्वतःच ठरवून उकळणे थांबवतात. वाहिनी धुऊन, क्लोरीन टाकून, नळाच्या टोकाला ते पुरेसे मिळाल्यावर आणि जंतूंच्या तपासणीचा अहवाल चांगला आल्यावरच “आता उकळण्याची गरज नाही” असे जाहीर करावे. त्या अहवालाला निदान एक दिवस लागतो. तोपर्यंत पहिली सूचना लागू राहते.