कंपनी ‘जा’ म्हणाली, तरी अर्ज एजन्सीकडेच

पुंडलिकनगरातून चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कितीतरी जणी काम करतात एका कंपनीत आणि पगार घेतात एजन्सीकडून. एजन्सीच्या भाषेत ती कंपनी म्हणजे ‘क्लायंट’. गोंधळ होतो तो रजेच्या वेळी.

आमच्या गटातली एक ताई पॅकिंगला आहे. बहिणीच्या लग्नासाठी तिने कंपनीतल्या सुपरवायझरला तोंडी विचारले. तो म्हणाला, “जा, हरकत नाही.” ताई तीन दिवस गावी गेली. एजन्सीला कुणी काहीच कळवले नव्हते, त्यामुळे त्यांच्या मस्टरवर तीन खाडे पडले. शिल्लक रजा असूनही पगार कापला गेला. सुपरवायझरला विचारले, तर तो म्हणे, “मी कामापुरते सांगितले, रजा तुमच्या एजन्सीची.” राग आला आम्हाला, पण त्याचे म्हणणे खरे होते. तुमची मालक एजन्सी. रजा मंजूर करणार ती, आणि ती भरपगारी की बिनपगारी हेही तीच ठरवणार. कंपनीचा होकार एवढेच सांगतो, की त्या दिवशी तुमच्यावाचून काम अडणार नाही.

मग अर्जात तो लिहायचा कशाला? एजन्सीला कंपनीत माणसे पुरवायची असतात. तुमचा अर्ज आला की त्यांची पहिली शंका तीच, बदली माणूस द्यावा लागेल का. कंपनीशी बोलणे झालेले दिसले, तर त्यासाठी अर्ज अडकून राहत नाही.

पुढच्या वेळी आम्ही त्या ताईचा अर्ज असा लिहिला:

“मी आपल्या एजन्सीतर्फे पॅकिंग विभागात काम करते. घरगुती कार्यासाठी 12 ते 14 मे अशी तीन दिवसांची रजा हवी आहे. याबाबत विभागाच्या सुपरवायझरांशी 28 एप्रिलला बोलणे झाले असून त्यांची हरकत नाही. त्यांचा मेसेज सोबत जोडला आहे. 15 मेला कामावर हजर होईन. रजा मंजूर करावी, ही विनंती.”

यात ‘कंपनीने रजा मंजूर केली आहे’ असे कुठेही नाही. तसे लिहिले तर एजन्सीवाले म्हणणार, मग आम्हाला कशाला विचारता? सुपरवायझरचे नाव मात्र घाला, म्हणजे त्यांना फोन करून खात्री करता येते. होकार तोंडीच असेल तर आपणच मेसेज टाकायचा, “आज बोलल्याप्रमाणे मी 12 ते 14 मे येणार नाही,” आणि त्यावर आलेले ‘ओके’ जपून ठेवायचे. होकार मिळालाच नसेल तर ‘विचारले आहे, उत्तर यायचे आहे’ असे खरे ते लिहा.

अचानक ताप आला, घरात कुणी आजारी पडले, तर होकाराची वाट बघत बसू नका. एकच मेसेज दोघांनाही सकाळीच पाठवा, अर्ज आणि डॉक्टरांची चिठ्ठी नंतर देता येते. आणि काही एजन्सींना आपल्या माणसांनी कंपनीशी परस्पर बोललेले चालत नाही. तिथे आधी एजन्सीच्या साइट इन्चार्जला विचारा, कंपनीशी तोच बोलेल.