विठ्ठलाच्या नित्यपूजेचं यजमानपद

पंढरपूरच्या मंदिरात पहाटे चारच्या सुमारास दार उघडतं, काकडा होतो आणि त्यानंतर विठ्ठलाची नित्यपूजा. कुणी पैसे भरोत वा न भरोत, ही पूजा रोज होतेच. मग एखादं कुटुंब आपल्या नावानं ती करवतं, तेव्हा नेमकं काय घेतं? वेगळी पूजा नव्हे. रोजच्या पूजेचं त्या दिवसाचं यजमानपद घेतं. संकल्पात यजमान म्हणून त्या घराचं नाव-गोत्र येतं आणि घरची माणसं पूजेला हजर राहतात. पूजा मात्र मंदिराचे पुजारीच करतात. एवढं ध्यानात घेतलं की रक्कम आणि तारीख या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

पूर्वी हा सगळा व्यवहार बडवे, उत्पात आणि इतर सेवाधाऱ्यांमार्फत चाले. १९७३च्या पंढरपूर मंदिरे कायद्यानं त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. त्यावरचा न्यायालयीन वाद २०१४च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि कारभार पूर्णपणे मंदिर समितीकडे आला. त्यामुळे आज यजमानपदाचे पैसे समितीकडे भरायचे आणि समितीचीच पावती घ्यायची, हा साधा नियम आहे.

समितीनं २०२४च्या १ ऑक्टोबरपासून पूजांची नोंदणी ऑनलाइन सुरू केली. त्या वेळचे दर असे होते: विठ्ठलाच्या नित्यपूजेला २५,००० रुपये, रुक्मिणीमातेच्या नित्यपूजेला ११,०००, पाद्यपूजेला ५,००० आणि तुळशी अर्चनाला २,१००. दर समिती ठरवते आणि ते बदलूही शकते, म्हणून पैसे भरण्याआधी vitthalrukminimandir.org या संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्यावा.

दरांमधला हा फरक भक्ती मोजणारा नाही, जागा मोजणारा आहे. नित्यपूजा दिवसातून एकदाच होते, त्यामुळे तिचं यजमानपदही दुर्मीळ. पाद्यपूजा पायांपुरती आणि तुळशी अर्चन त्याहून आटोपशीर, म्हणून ती अधिक कुटुंबांना देता येतात. पाद्यपूजेमागे आणखी एक कारण आहे. अभिषेकांनी मूर्तीची झीज होत गेली, तिच्यावर वेळोवेळी वज्रलेप करावा लागला. २०२० सालीही तो झाला. म्हणून भाविकांच्या हातून मूर्तीवर दूध-दह्याच्या धारा धरणं बंद झालं आणि पायांशी होणारी पूजा पुढे आली. ‘आम्हाला स्वतः अभिषेक करायचा आहे’ असा हट्ट धरून जाणाऱ्यांची इथे निराशा होते.

उन्हाळ्यात आणखी एक सेवा असते, ती म्हणजे चंदनउटी. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत देवाला दुपारी उगाळलेल्या चंदनाचा लेप देतात. ही सेवा सुमारे दोन-अडीच महिनेच चालते, त्यामुळे तिच्या तारखा त्या हंगामापुरत्याच खुल्या होतात. पावसाळ्यातल्या वाढदिवसाला चंदनउटी मागून मिळत नाही.

आता तारखांचं गणित. वर्षभराच्या तारखा एकदम खुल्या होत नाहीत, टप्प्याटप्प्यानं होतात. २०२४चा पहिला टप्पा ७ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरपर्यंतच्या पूजांचा होता. म्हणजे पुढच्या मे महिन्यातली तारीख त्या ऑक्टोबरात कुणालाच मिळणार नव्हती. टप्पा खुला झाला की मात्र शनिवार, रविवार आणि सणाचे दिवस आधी उचलले जातात. म्हणून हवी ती तारीख कधी येते यापेक्षा त्या तारखेची नोंदणी कधी उघडते, यावर नजर ठेवावी लागते.

एक उदाहरण घेऊ. एका जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस २ नोव्हेंबरला असतो आणि मुलांना त्याच दिवशीची नित्यपूजा हवी आहे. २०२४ मध्ये २ नोव्हेंबरला दिवाळीचा पाडवा होता, तोही शनिवारी. तारीख पहिल्या टप्प्यात बसत होती, पण तिच्यावर किती जणांचा डोळा असेल ते सांगायला नको. २०२५ मध्ये २ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशीच आली. त्या दिवशी उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते, आषाढीला ती मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होते. शेजारी मानाचे वारकरी म्हणून बसणारं जोडपं दर्शनरांगेतून निवडलं जातं. ते यजमानपद कोणत्याही रकमेला मिळत नाही.

अडचण एकादशीच्या एका दिवसापुरतीही नाही. दोन्ही मोठ्या वाऱ्यांच्या आधी देवाचा पलंग काढतात आणि दर्शन चोवीस तास सुरू होतं. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते, तेव्हा देवाचे राजोपचार पुन्हा सुरू होतात. मधल्या काळात गाभाऱ्यासमोरून रांग अखंड सरकत असते, भाविकांच्या पूजांना वेळच उरत नाही. एकादशी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून हा बंद काळही सरकतो. २०२६ मध्ये कार्तिकी एकादशी २० नोव्हेंबरला आहे. आपल्या जोडप्याची २ नोव्हेंबर तिच्यापासून अठरा दिवस आधी पडते, तेव्हा तिथे संधी दिसते. तरीही पलंग कधी निघणार हे समितीकडून विचारून मगच गाड्यांचं आरक्षण करावं.

वाढदिवस तिथीनं पाळणाऱ्यांनी तर आधी पंचांग उघडावं. लग्न कार्तिक शुद्ध एकादशीचं असेल, तर पंढरपुरात ती तिथी कधीच मिळणार नाही. त्यापेक्षा कार्तिक वद्यातला, प्रक्षाळपूजेनंतरचा दिवस धरावा. मुलांच्या सुट्ट्या आणि आजी-आजोबांची पहाटे उठून जाण्याची तयारी पाहता पुष्कळ घरं शेवटी असा साधा वारच पसंत करतात.

इतर देवस्थानं हीच टंचाई वेगळ्या रीतीनं सोडवतात. तिरुमलेला सुप्रभातम्, तोमाल, अर्चना या सेवांची काही तिकिटं ऑनलाइन सोडतीनं देतात. नाव नोंदवायचं, सोडतीत निघालं तरच पैसे भरायचे. शबरीमलेत नोंदणी पुढच्या वर्षांसाठी घेत राहिले, त्यामुळे तिथल्या पडिपूजेच्या तारखा दहा वर्षांहून अधिक काळापुढे भरून गेल्या. तिथे आज नोंदवलेली पूजा कदाचित पुढची पिढी करील. त्या मानानं पंढरपूरची टप्प्यांची पद्धत कुटुंबाला पेलणारी वाटते.

काही मंदिरांत ‘कायम पूजा’ असते. एकदा ठेव द्यायची आणि व्याजातून दरवर्षी ठरल्या तिथीला पूजा. इथे हिशेब करून पाहावा. २५,००० रुपयांच्या ठेवीवर सहा टक्क्यांनी वर्षाला १,५०० रुपये व्याज येतं. आज त्यात पूजा बसेल, वीस वर्षांनी बसेलच असं नाही. म्हणून अनेक देवस्थानं आता मुदत घालतात. तिरुमलेची उदयास्तमान सेवा २०२२ मध्ये पुन्हा खुली झाली, तेव्हा एरवीच्या दिवसासाठी एक कोटी आणि शुक्रवारसाठी दीड कोटी रुपये देणगी ठेवली होती, पण व्यक्तीसाठी तिची मुदत पंचवीस वर्षंच. ठेव देताना किती वर्षं, कोणती तिथी आणि प्रसाद पत्त्यावर येणार का, हे पावतीवर लिहून घ्यावं.

पैसे भरताना दोन गोष्टी तपासाव्यात. पैसे कुणा माणसाच्या खासगी मोबाइल क्रमांकावर मागितले जात असतील तर थांबावं. खऱ्या नोंदणीची पावती समितीच्या नावानं निघते आणि तिच्यावर पूजेचा प्रकार व तारीख असते. दुसरं म्हणजे घरात सोयर किंवा सुतक आलं तर तारीख बदलून मिळते की पैसे बुडतात, हे आधीच विचारावं. जन्म आणि मृत्यू समितीचा टप्पा पाहून येत नाहीत, आणि ऐन वेळी हाच प्रश्न सर्वांत महागात पडतो.