विसर्गाच्या मागे पाहा, पुढे पाहा

शाळेतल्या व्याकरणाच्या नोट्समध्ये विसर्गसंधीचं पान आलं की मुलं थबकतात. स्वरसंधी तोंडात बसलेली असते. पण इथे सहा-सात नियम एकाखाली एक दिलेले असतात, प्रत्येकासमोर दोन-तीन उदाहरणं असतात, आणि मनोरथ, निरंतर, निष्कारण, अंतःकरण ही सगळी एकाच विसर्गाची रूपं आहेत यावर विश्वासच बसत नाही. मग पाठांतर सुरू होतं आणि परीक्षेत नियम क्रमांक तीन आणि चार यांची अदलाबदल होते.

नियमांचे क्रमांक विसरा. विसर्ग दिसला की दोनच प्रश्न विचारायचे: त्याच्या मागे कोणता स्वर आहे, आणि पुढचा वर्ण मृदू आहे की कठोर? वर्गातली पहिली दोन अक्षरं (क ख, च छ वगैरे) आणि श, ष, स हे कठोर. उरलेली व्यंजनं मृदू, आणि स्वरही त्यांच्याच बाजूचे. शंका आली तर गळ्यावर बोट ठेवून 'स्स्स' म्हणा, मग 'म्म्म' म्हणा. दुसऱ्या वेळी गळा थरथरतो. ती थरथर म्हणजेच मृदूपणा.

आता नोट्समधलं पहिलं उदाहरण घ्या: मनः + रथ. मागे 'अ', पुढे मृदू 'र'. अशा वेळी 'अ' आणि विसर्ग मिळून 'ओ' होतो, म्हणून मनोरथ. तपोवन, सरोवर, अधोगती हे शब्दही असेच झाले. मागचा स्वर बदलून पाहू. निः + अंतर यात मागे 'इ' आहे, पुढे स्वर आहे. इथे 'ओ' होत नाही, विसर्गाचा 'र्' होतो: निरंतर. त्याच वाटेने दुर्जन, आशीर्वाद, आयुर्वेद. पुढचा वर्ण 'र'च असेल तर मात्र दोन 'र' एकत्र नांदत नाहीत. विसर्ग जातो आणि मागचा स्वर दीर्घ होतो. म्हणून निः + रस = नीरस, पहिली वेलांटी दीर्घ. इथले गुण हमखास जातात.

पुढे कठोर वर्ण असेल तर विसर्ग त्या वर्णाच्या शेजारचा ऊष्म वर्ण उचलतो: 'च'पुढे 'श्' (निश्चल), 'त'पुढे 'स्' (मनस्ताप). क, ख, प, फ यांच्यापुढे पुन्हा मागचा स्वर ठरवतो. मागे 'इ' किंवा 'उ' असेल तर 'ष्': निष्कारण, दुष्परिणाम, बहिष्कार. मागे 'अ' असेल तर विसर्ग जागचा हलत नाही: प्रातःकाल, रजःकण, अधःपात. म्हणूनच नियमाने मनः + कामना = मनःकामना. 'मनोकामना' बोलण्यात रूढ आहे, पण 'क' कठोर असल्याने तिथे 'ओ' होण्याचं कारण नाही. अपवाद आहेतच. दुःख या शब्दात विसर्ग तसाच राहतो, नमस्कार आणि तिरस्कार यांत 'अ' मागे असूनही 'स्' येतो. हे मोजके शब्द लक्षातच ठेवावे लागतात.

चौकस विद्यार्थी इथे अडतो, आणि अडायलाच हवा. अंतः + गत यात मागे 'अ', पुढे मृदू 'ग'. मग 'अंतोगत' का नाही? पुनः + जन्म याचं 'पुनोजन्म' का होत नाही? बऱ्याच नोट्स हे शब्द 'र्'च्या नियमाखाली ठेवून मोकळ्या होतात, कारण सांगत नाहीत. कारण असं की या शब्दांच्या शेवटी मुळात 'र्'च आहे: अंतर्, पुनर्, प्रातर्. 'मनः'च्या मुळाशी 'मनस्' आहे, म्हणजे तिथे 'स्'. पुढे मृदू वर्ण आला की लपलेला 'र्' परत येतो: अंतर्गत, अंतरात्मा, पुनर्जन्म. प्रातःकाल आणि प्रातर्विधी शेजारी लिहून पाहा. पहिल्यात 'क' कठोर आहे, दुसऱ्यात 'व' मृदू, आणि एकाच शब्दाची दोन रूपं समोर येतात.

प्रश्नपत्रिकेत बहुधा उलटं काम सांगतात: संधी सोडवा. इथे 'ओ' फसवतो. महोत्सव आणि मनोहर, दोन्हींत 'ओ' आहे, पण पहिली स्वरसंधी आहे. ओळखायचं कसं? 'ओ'नंतरचा तुकडा वाचा. 'हर' हा शब्द पुरा आहे, म्हणून फोड मनः + हर. 'त्सव' हा शब्द नाही. त्याचा पहिला स्वर 'ओ'मध्ये गेला आहे, म्हणून महा + उत्सव. चंद्रोदयातलं 'दय' असंच तोकडं, तिथे चंद्र + उदय.

आता यशोधन, सूर्योदय, पुनरागमन आणि चतुष्कोण हे चार शब्द वहीत घ्या आणि नोट्स मिटून सोडवा. पहिल्या शब्दात विसर्ग आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात मूळचा 'र्' आहे, आणि चौथ्यात विसर्गामागे 'उ' आहे.